बारा मिलिमीटर, बाराच्या भावात

आमच्या वर्कशॉपमध्ये लेथ मिस्त्री चालवतात आणि दर मी सांगतो. म्हणजे लोखंडाशी भांडण त्यांचं आणि गिऱ्हाइकाशी माझं. लोखंड त्यातल्या त्यात बरं. एकदा कापलं गेलं की पुन्हा "बघा की जरा अजून काही जमतंय का" असं म्हणत नाही.

दर सांगायचा तर वेळ माहीत हवा. वेळ माहीत व्हायचा तर कट किती मारावे लागणार ते कळायला हवं. आणि कट किती लागणार असं विचारलं की मिस्त्री आधी बारकडे बघतात, मग मशीनकडे, मग माझ्याकडे, आणि म्हणतात, "लागतील तेवढं लागतील की, साहेब." या वाक्यावर कोटेशन काढता येत नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात तर नाहीच नाही, कारण तिथे पलीकडच्या गाळ्यातला माणूस आपल्याहून दोन रुपये कमी सांगायला टपलेलाच असतो. म्हणून हा हिशेब मी कागदावर करायला लागलो आणि त्यावरून आमच्या दोघांत एक कायमचा, प्रेमळ म्हणता येईल असा वाद सुरू झाला.

उदाहरणादाखल ते चाळीस शाफ्ट घ्या. ३८ मिलिमीटर बोअरची पुली बसवायची होती. गिऱ्हाईक टेम्पोतून ईएन-८ चा ५० मिलिमीटरचा काळा बार घेऊन आलं. "५० च का?" असं विचारल्यावर, "अंगणात पडला होता," हे कारण मिळालं. आपल्याकडे यंत्रांचे निम्मे भाग अंगणात काय पडलंय त्यावरून ठरतात. शाफ्टची १५० मिलिमीटर लांबी ३८ ला आणायची होती आणि तीही एच-७ मध्ये, म्हणजे ३८.००० च्या वर जायचं नाही आणि ३७.९७५ च्या खाली उतरायचं नाही. अंगणातला बार आणि २५ मायक्रॉनची सूट, असा तो जोडा होता.

आता ५० वजा ३८ म्हणजे १२, हे तिसरीतलं पोर सांगेल. पण लेथवर १२ मिलिमीटर काढायला टूल ६ मिलिमीटरच आत जातं, कारण बार फिरत असतो आणि एका बाजूने काढलेलं दुसऱ्या बाजूनेही निघतं. व्यास आणि त्रिज्या यांच्यातलं हे नातं शाळेत एक मार्काचं असतं. वर्कशॉपमध्ये त्याची किंमत एक इन्सर्ट असते. आमच्या नव्या मशीनचा क्रॉस-स्लाइडचा डायल व्यास दाखवतो, म्हणजे डायलवर ४ फिरवलं की टूल २ आत जातं. जुन्या मशीनचा डायल टूल खरोखर जितकं सरकतं तितकं दाखवतो. आयटीआयमधून नुकताच आलेला आमचा पोरगा नव्यावरून जुन्यावर आला आणि सवयीने डायलवर ४ फिरवून मोकळा झाला. टूल चार मिलिमीटर आत गेलं. पट्टा असा किंचाळला की पलीकडच्या गाळ्यातला दर पाडणारा माणूससुद्धा दर पाडायचं सोडून बघायला आला. मिस्त्रींनी मशीन बंद केलं, पोराकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "लेका, डायल कुणाच्या बाजूचा हाय ते आधी इचारावं."

तर सहा मिलिमीटर. ते किती घासांत खायचे?

या प्रश्नावर टर्नर मंडळींत दोन पंथ आहेत. पहिला पंथ भिडस्त. हे लोक अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरचे कट मारतात. जॉबला दुखू नये असा काहीतरी त्यांचा भाव असतो. आमचा पोरगा चारच्या प्रकरणानंतर या पंथात दाखल झाला. दुसरा पंथ धडाकेबाज. एकदाच काय ते होऊन जाऊ दे, म्हणणारा. या पंथातले लोक चटकन ओळखू येतात, कारण त्यांच्या टेबलावर तुटके इन्सर्ट एका डबीत साठवलेले असतात.

आधी भिडस्तांचा हिशेब. शेवटच्या सफाईसाठी व्यासावर १ मिलिमीटर राखून ठेवलं, तर रफिंगमध्ये ५० वरून ३९ वर यायचं, म्हणजे बाजूला साडेपाच मिलिमीटर. अर्ध्या-अर्ध्याने गेलं तर अकरा कट. फीड फेऱ्याला ०.२५ मिलिमीटर आणि स्पिंडल मिनिटाला ६०० फेरे धरला, तर टूल मिनिटाला बरोबर १५० मिलिमीटर चालतं. आपली लांबी तेवढीच, म्हणून एका कटाला एक मिनिट. (असा सोयीचा जॉब आयुष्यात क्वचित येतो.) टूल मागे आणून पुन्हा डायल लावायला अर्धं मिनिट धरा. अकरा कट म्हणजे साडेसोळा मिनिटं. हेच तीन कटांत केलं तर साडेचार. फरक बारा मिनिटांचा, आणि नग चाळीस. ४८० मिनिटं! भिडस्तपणापायी एक अख्खी पाळी जाते आणि ती कोटेशनमध्ये कुठल्याच रकान्यात दाखवता येत नाही.

बरं, एवढा वेळ घालवून जॉब तरी चांगला होतो का? तर तेही नाही. काळ्या बारच्या अंगावर गरम रोलिंगची खपली असते आणि ती आतल्या पोलादापेक्षा कडक आणि घासणारी. शिवाय असा बार पुरता गोल नसतो आणि तीन जबड्यांच्या चकमध्ये थोडा वाकडा फिरतो. अर्ध्या मिलिमीटरचा पहिला कट मारला की टूलचं टोक एका बाजूला खपलीत खरवडत राहतं आणि दुसऱ्या बाजूला हवा कापतं. टोक नेमकं सर्वांत नाजूक आणि मार सगळा त्यालाच. पहिला कट खोल हवा तो यासाठी. टोक खपलीच्या खाली, मऊ लोखंडात जातं आणि खपली वरच्या धारेवर येते. ती धार ते सोसू शकते.

उथळ कटाची दुसरी खूण चिप्समध्ये दिसते. इन्सर्टवर चिप मोडायची खाच असते, पण चिप जाड असल्याशिवाय ती तिच्यावर नीट आपटतच नाही. अर्ध्या मिलिमीटरच्या कटातून निघणारी चिप मोडत नाही. रिबिनीसारखी लांबच लांब निघते, चकला गुंडाळी मारते आणि मग पोरगा हुक घेऊन ती सोडवत बसतो. खोली आणि फीड जमले की चिप्स इंग्रजी सहा आणि नऊच्या आकाराच्या, तुटक, निळसर पडतात. मिस्त्रींना कट बरोबर आहे की नाही हे विचारायचं नसतं. ते ट्रेमध्ये बघतात.

आता धडाकेबाज पंथ. त्यांचं म्हणणं असं की तीन तरी कशाला, दोनच कट घ्या, बाजूला पावणेतीनचे. इथे माझा कागद बाहेर आला.

कापायला लागणारं बल म्हणजे खोली गुणिले फीड, म्हणजे चिपेचं क्षेत्रफळ, गुणिले त्या धातूचा विरोध. ईएन-८ सारख्या पोलादाचा विरोध दर चौरस मिलिमीटरला २००० न्यूटनच्या आसपास धरायला हरकत नाही. २ मिलिमीटर खोली आणि ०.२५ फीड घेतला तर १००० न्यूटन, म्हणजे नखाएवढ्या इन्सर्टच्या कोपऱ्यावर शंभर किलोचा माणूस उभा. ५० व्यासावर ६०० फेऱ्यांनी पृष्ठभागाचा वेग मिनिटाला ९४ मीटर येतो. बल गुणिले वेग, भागिले ६० असं केलं की १.५७ किलोवॅट. आमच्या जुन्या लेथची मोटर ३ हॉर्सपॉवरची, म्हणजे २.२ किलोवॅट. त्यातलं पट्टे, गिअर आणि बेअरिंग आपापला वाटा काढून घेतात आणि टूलच्या टोकापर्यंत पाऊण हिस्सा पोचतो. कुठल्याही सरकारी योजनेच्या मानाने ही गळती फारच थोडी. टोकावर राहतात १.६५ किलोवॅट. म्हणजे २ मिलिमीटरचा कट बसतो, पण जेमतेम.

पावणेतीनला हाच हिशेब २.१५ किलोवॅट मागतो आणि तेवढे आपल्याकडे नाहीत. मागणी जास्त झाली की पट्टा सरकतो, स्पिंडल मंदावतो आणि इन्सर्ट जॉबमध्ये रुतून तुटतो. "मग फीड कमी करा की!" हे धडाकेबाजांचं पुढचं उत्तर. केला कमी. ०.१८ फीडवर दोन कट मोटरला झेपतात, पण मग प्रत्येक कटाला एक मिनिट तेवीस सेकंद लागतात. दोघांची मिळून पावणेतीन मिनिटं झाली आणि आपल्या तीन कटांची होती तीन. वाचला काय तो एकदा टूल मागे आणायचा वेळ. शिवाय बारीक फीडची पातळ चिप कापायला दर चौरस मिलिमीटरला जास्त जोर लागतो, तो वेगळाच. मोटरची ताकद हीच जर मर्यादा असेल, तर मिनिटाला ठरावीकच लोखंड निघणार. ते दोन कटांत काढा नाहीतर तीन कटांत, लोखंड तेवढंच आणि मोटरही तीच. या एका वाक्याने आमच्याकडचा एक जुना वाद मिटला असता, पण वाद मिटवायची कुणाला इच्छाच नव्हती.

तेव्हा साडेपाच भागिले दोन, उत्तर पावणेतीन, म्हणजे वरचा पूर्णांक तीन. तीन रफ कट. मग कागदावर मी साडेपाचचे तीन समान भाग केले, प्रत्येकी १.८३, आणि तो कागद मिस्त्रींच्या टेबलावर ठेवला.

मिस्त्रींनी तो वाचला. त्यावर चहाचा कप ठेवला. आणि २, मग १.९, मग १.६ असे तीन कट मारले. बेरीज साडेपाचच. व्यास ५० वरून ४६, ४६ वरून ४२.२ आणि तिथून ३९.

मला हे आवडलं नाही. समान वाटणीवर माझी लहानपणापासून श्रद्धा आहे, आम्ही भावंडं पाच. पण विचारल्यावर मिस्त्री म्हणाले, "पयला जाड हाय तवर घ्यायचा. मागनं बारीक झाल्यावर त्याला वाकायची खोड लागती." याला कागदावर आधार आहे. टूल जॉबला आडवं ढकलतं आणि जॉब किंचित लवतो. किती लवेल ते व्यासाच्या चौथ्या घातावर उलटं अवलंबून असतं. व्यास निम्मा झाला तर तेवढ्याच बलाखाली लवणं सोळापट होतं. आपला बार निम्मा होत नाही, तरी ५० चा ३८ होताना तिप्पट लवका होतो. म्हणून मोठा घास जाड असताना आणि छोटा बारीक झाल्यावर. आणि पहिला कट खपलीखाली न्यायचा असल्याने तोच मोठा हवा, हेही त्यात साधतं.

या प्रश्नापायी ज्याने इतिहासात स्वतःचा सर्वांत जास्त छळ करून घेतला तो फ्रेडरिक टेलर. टूल, वेग, फीड, खोली अशा बारा गोष्टींचा मेळ कसा घालायचा यावर त्याने अमेरिकेत २६ वर्षं प्रयोग केले, आठ लाख पौंडांवर लोखंड-पोलाद चिप्स करून टाकलं आणि १९०६ मध्ये ते सगळं एका भल्यामोठ्या निबंधात मांडलं. गणित इतकं किचकट झालं की ते सोडवायला त्याच्या सहकाऱ्याने, कार्ल बार्थने, खास स्लाइडरूल बनवली. त्यातून टर्नरच्या हाती पडलेली कामाची गोष्ट अशी की टूल लवकर झिजवण्यात वेगाचा वाटा सर्वांत मोठा, मग फीडचा, आणि खोलीचा सर्वांत कमी. म्हणून काम उरकायचं तर आधी मशीन आणि जॉब सोसतील तेवढी खोली घ्यावी, मग फीड वाढवावा, आणि वेगाला सर्वांत शेवटी हात लावावा. हे मी मिस्त्रींना सांगितलं. "सव्वीस वर्सं?" ते म्हणाले. "पगारी?"

आता ३९ वर उरलेल्या एक मिलिमीटरविषयी. खरं टर्निंग इथे सुरू होतं आणि भांडणंही.

पंगतीत अनुभवी माणूस श्रीखंडासाठी पोटात जागा राखतो. फार कमी राखली तर शेवटी नुसतं बोट लावून उठावं लागतं, आणि फार राखली तर आधीच्या पदार्थांचा अपमान होतो. फिनिशिंगसाठी राखलेल्या मालाचं तसंच आहे. पोरगा ३८.०६ पर्यंत रफिंग करून आला होता. "फक्त सहा शतांश राहिलेत," तो आनंदाने म्हणाला. त्या सहा शतांशांतले बाजूला तीन. इन्सर्टचं टोक टोकदार नसतं, त्याला ०.४ किंवा ०.८ मिलिमीटरची गोलाई असते. तीन शतांश खोलीवर ते टोक लोखंडात शिरायचंच नाकारतं. ते वरून घासत जातं, पृष्ठभाग चमकवतं आणि व्यास मात्र पाहिजे तेवढा कमी होत नाही. मग माणूस वैतागून डायल आणखी थोडा फिरवतो, तेव्हा ते एकदम शिरतं आणि जॉब ३७.९५ होतो. तो चमकदार रिजेक्ट आमच्याकडे पेपरवेट म्हणून आहे. धारदार हायस्पीड टूल असतं तर इतका पातळ पापुद्रा निघालाही असता, पण कार्बाइडला निदान एक बरासा घास लागतो.

मिस्त्रींची रीत अशी. रफिंगनंतर जॉब ३९ वर. टूल बदलून ०.४ गोलाईचा फिनिशिंग इन्सर्ट लावायचा, फीड ०.१ वर आणायचा आणि बाजूला पाव मिलिमीटरचा कट मारायचा. जॉब साधारण ३८.५ होतो. आता थांबायचं आणि मापायचं. समजा मायक्रोमीटरने ३८.५२ दाखवले. म्हणजे डायलने सांगितलेल्यापेक्षा जॉब दोन शतांश जाड राहिला, कारण जॉब आणि टूल दोघंही थोडे लवले आणि डायल काही देव नाही. आपल्याला हवे ३७.९९, म्हणजे सुटीच्या साधारण मधोमध. व्यासावर ५३ शतांश काढायचे. आताचा कट जवळजवळ आधीच्याएवढाच आहे, त्यामुळे लवणंही आधीच्याएवढंच होणार. डायलवर बसलेल्या मापाच्या खाली बरोबर तेवढेच ५३ शतांश, म्हणजे बाजूला साडेसव्वीस, पुढे जायचं. मात्र डायल फिरवताना पुढे जाऊन मागे यायचं नाही. स्क्रूमधली ढिलाई मागे येताना मापात शिरते आणि पत्ता लागू देत नाही.

शेवटचे दोन कट एकसारखे ठेवण्यातली ही चतुराई मला कागदावर कधीच सुचली नसती. पहिल्या कटात मशीन खोटं किती बोलतं ते कळतं आणि दुसऱ्यात तेवढंच खोटं ते पुन्हा बोलतं.

फक्त मापताना जॉब गार हवा. यावरून पोरगा आणि मिस्त्री यांच्यात रोज ठिणगी उडते, कारण पोराला घाई आणि मिस्त्रींना चहा. पोलाद अंशाला मीटरमागे सुमारे बारा मायक्रॉन फुगतं. रफिंगनंतर जॉब हवेपेक्षा ४० अंशांनी गरम असेल तर ३८ चा व्यास १८ मायक्रॉन जास्त दिसतो. आपली एकूण सूट २५. गरम जॉब मापून तो वरच्या टोकाला, थेट ३८.००० वर बरोबर बसवला, तरी गार झाल्यावर तो ३७.९८२ वर येतो. मधोमध बसवला असता तर थेट सुटीच्या खाली गेला असता. म्हणजे मिस्त्रींचा चहा हा मापनप्रक्रियेचा भाग आहे, हे मला मान्य करावं लागलं आणि तो वेळ मी कोटेशनमध्ये धरायला लागलो. नाव दिलं "थर्मल स्थिरीकरण". गिऱ्हाइकाने एकदाही हरकत घेतलेली नाही.

टेलस्टॉकचं मात्र विसरू नका. १५० मिलिमीटर लांबीचा जॉब नुसता चकमध्ये धरून कापला, तर मोकळ्या टोकाला रफ कटात तो बाजूला दीड शतांशापर्यंत लवू शकतो. व्यासावर ते तीन शतांश होतात आणि तिथेच एच-७ ची सगळी सूट संपते. टोकाला सेंटर लावला की हा प्रश्न फारसा उरत नाही. न लावता केलेला शाफ्ट ओळखायला सोपा असतो. चकजवळ माप बरोबर, टोकाला जाड. पुली अर्ध्यावर अडकते आणि गिऱ्हाईक फोन करतं.

चाळीस शाफ्ट झाले. प्रत्येकी तीन रफ कट, दोन फिनिश, मधे एक चहा. ट्रे रिकामे केले तेव्हा जॉबमागे जवळजवळ एक किलो लोखंड चिप्स होऊन पडलं होतं. चाळीस नगांचे ३९ किलो. चांगलं ईएन-८, आणि जाणार भंगारवाल्याकडे. ते तोलताना माझ्या लक्षात आलं की आम्ही दोघं कटांवरून भांडत होतो, पण त्यातला एक कट तर बार टेम्पोत चढला तेव्हाच ठरला होता.

म्हणून गिऱ्हाइकांना एकच विनंती. ३८ चा शाफ्ट करून घ्यायचा असेल तर बार ४५ चा आणा. बाजूला साडेतीनच काढायचे राहतात. अर्धा फिनिशला ठेवून तीन उरले, दोन रफ कटांत दीड-दीडने निघतात, आणि चिप्सही निम्म्याच्या आसपास पडतात. व्यासाचा वर्ग भागिले १६२ हे मीटरचं किलोतलं वजन तुमचा लोखंडवाला तोंडपाठ सांगेल. ५० चा १५.४ किलो, ४५ चा साडेबारा. हा फरक तुमच्याच खिशातला आहे. ४० चा मात्र आणू नका. बाजूला एकच मिलिमीटर उरतो, बार जरा वाकडा किंवा लंबगोल निघाला की एका बाजूला काळी खपली तशीच राहते आणि तिला पुसायला आमच्याकडे औषध नाही. आणि अंगणात ५० चाच पडलाय म्हणून तोच आणणार असाल तर जरूर आणा, पण दर तीन रफ कटांचा लागेल, चहासकट.